सरळ ‘ए’, सरळ ‘ओ’

इंग्रजी ‘फेस’ आणि ‘गोट’ आम्ही मराठी माणसे सरळ स्वरांत उच्चारतो. दक्षिण इंग्लंडातील माणसाची जीभ मात्र ‘ए’वरून ‘इ’कडे, ‘ओ’वरून ‘उ’कडे घसरते. आमचे ‘ए’ व ‘ओ’ मुळी जागा सोडतच नाहीत. तेवढ्यावरून मुलाखतीत आमच्या मुलांना गावठी ठरवावे काय? स्कॉटलंडातील कित्येकांचे हे स्वर असेच सरळ. तेथे मात्र तो रुबाब! आणि सुमारे १८००पर्यंत प्रमाण इंग्रजीचेही ते सरळच होते. अर्थ अडतो तो अन्यत्र. ‘कोट’मधल्या ‘क’ला इंग्रज हलका ‘ह’कार जोडतो, आम्ही जोडत नाही, मग त्याला कधी अंगातल्या कोटाऐवजी शेळी ऐकू येते. शाळेत तालीम द्यायचीच तर त्या ‘क’ची द्यावी.