पाखरांची ओळख : पारवा, कबूतर की होला?

नाशिकच्या एका वाचकभगिनींनी आपल्या गच्चीच्या कठड्याचे छायाचित्र पाठवले आहे. टाकलेली ज्वारी टिपायला चार पाखरे उतरली आहेत : एक राखी, एक विटकरी, एक पांढरे आणि कडेला एक लहानसे तपकिरी. त्या लिहितात, "राखी तो पारवा, हे कळते, पण विटकरी तो होलाच ना? आणि पांढरे कोणाचे पाळलेले असेल का? फेब्रुवारीतल्या पक्षिगणनेत नावे लिहायची आहेत, म्हणून विचारते."

प्रश्न अगदी रास्त आहे. विटकरी पाखराला होला म्हटले, तर गणनेत होल्यांची संख्या उगाच फुगते. आणि कडेच्या पाखराला पारव्याचे पिल्लू म्हणून सोडून दिले, तर खरा होला गळतो.

आपण रंगाने फसतो, म्हणून रंग शेवटी पाहावा. आधी पाहावी शेपटी. पारव्याची शेपटी आखूड आणि टोकाला बोथट असते. होल्याची अंगाच्या मानाने लांब असते आणि पसरली की तिच्या दोन्ही कडांच्या टोकांना पांढरे दिसते. मग पाहावी चोच. मोठ्या पारव्याच्या चोचीच्या मुळाशी खडूसारखा पांढरा, फुगीर मांसल भाग असतो. होल्याची चोच बारीक असते आणि तिथे असा पांढरा फुगवटा नसतो. शेवटी बांधा. पारवा सुमारे ३३ सेंटिमीटर लांब आणि छातीने भरदार. आपल्याकडचा लहान तपकिरी होला २७ सेंटिमीटरच्या आसपास आणि सडपातळ. छायाचित्रात मोजपट्टी नसते. पण शेजारी साळुंकी बसली असेल तर अंदाज येतो, कारण लहान होला तिच्याहून थोडासाच मोठा असतो.

आता ही कसोटी कठड्यावर लावू. राखी पाखराच्या मिटल्या पंखावर दोन काळे पट्टे आहेत, शेपटीच्या टोकाला गडद पट्टी आहे आणि मानेवर हिरवी-जांभळी झाक आहे. हे मूळच्या रानपारव्याचेच रूप, जे शहरातल्या पारव्यांतही टिकून आहे.

विटकरी पाखराच्या पंखावरही दोन पट्टे आहेत, फक्त ते काळ्याऐवजी तांबूस आहेत. शेपटी आखूड, तिच्यावर गडद पट्टी नाही, पण कडांना पांढरेही नाही. चोचीच्या मुळाशी पांढरा फुगवटा स्पष्ट दिसतो. तेव्हा हा होला नव्हे, पारवाच. माणसाने पाळलेल्या कबुतरांत हा तांबूस रंग निपजला आणि सुटलेल्या कबुतरांबरोबर तो शहरातल्या थव्यांत मिसळला. काळसर, चौकडीचे आणि पांढरे-करडे पारवे दिसतात तेही याच कारणाने.

कडेचे तपकिरी पाखरू मात्र खरा होला. शेपटी लांब आहे, आणि गळ्यापुढे तांबूस रंगावर बारीक काळे ठिपके आहेत. हेच ठिपके मानेच्या मागे, काळ्या-पांढऱ्या बुद्धिबळाच्या पटासारखे असते, तर तो ठिपक्यांचा होला ठरला असता. मानेमागे काळी अर्धकंठी असती, तर कंठीवाला. पण ही मानेची खूण लहान पिल्लांत नसते. तेव्हा मान कोरी दिसली, तर नुसते 'होला' लिहून थांबावे. सावलीत आणि संध्याकाळच्या पिवळ्या उन्हातही रंग बदलतात. अशा वेळी शेपटीवरच विसंबावे.

राहिले पांढरे. समारंभात 'शांतीचे पाखरू' म्हणून सोडतात ते होला नसून पांढरे कबूतरच असते. शहरी थव्यात जन्मलेलेही पांढरे असू शकते, म्हणून नुसत्या पांढरेपणावरून पाळीव म्हणता येत नाही. पाळीव रक्ताच्या खुणा वेगळ्या : पायांवर पिसांचे मोजे, डोक्यावर तुरा, किंवा लक्का कबुतराची पंख्यासारखी उभी शेपटी. साध्या कबुतराच्या शेपटीत बहुधा १२ पिसे असतात. लक्क्याच्या शेपटीत ३० ते ४० असू शकतात, असे डार्विनने १८५९ साली नोंदवले आहे. छायाचित्रातल्या पाखरात यांपैकी काही नाही. पण उजव्या पायात एक कडे आहे.

हे कडे महत्त्वाचे. बिनजोडाचे कडे पिल्लू सुमारे आठवड्याचे असतानाच पायात सरकवतात. पाय वाढल्यावर ते निघत नाही. म्हणजे या पाखराला मालक आहे किंवा होता. गणनेत त्याला रानपारव्यात धरू नये. आणि वाचकभगिनींनी पुढचे छायाचित्र पायांजवळून घ्यावे : कड्यावरची अक्षरे वाचता आली, तर आसपासच्या कबूतरबाजांकडे चौकशी करून पाखरू घरी पोहोचवता येईल.