उपवासात रक्तातील साखर येते कोठून?

पर्युषणात घरातील एखाद्या निरोगी व्यक्तीने उपवासाचे पच्चक्खाण घेतले, की आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापासून तिसऱ्या दिवशी सकाळच्या पारण्यापर्यंत सुमारे ३६ तास जातात. दिवसा उकळलेले पाणी तेवढे पोटात जाते. तरीही या काळात केव्हाही तपासली तरी अशा व्यक्तीच्या रक्तातील साखर बहुधा ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यानच आढळते. हा आकडा १०० मिलिलिटर रक्तातील साखरेचा असतो. अन्नाचा कण पोटात नसताना ही साखर येते कोठून?

ही साखर म्हणजे डब्यातील साखर नव्हे, तर ग्लुकोज, अर्थात द्राक्षशर्करा. गोड न खाणाऱ्याच्या रक्तातही ती असतेच, कारण फुलके, भात व डाळ यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. मात्र तिचे प्रमाण अगदी थोडे असते. शरीरातील सुमारे ५ लिटर रक्तात मिळून साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो. रक्तातील सारी साखर त्याला एक तासही पुरणार नाही. रक्त हा दुकानाचा गल्ला आहे. माल ठेवण्याची वखार दुसरीकडे आहे.

ती वखार म्हणजे यकृत. संध्याकाळच्या जेवणातून ६०-७० ग्रॅम ग्लुकोज शरीरात येते. ते सारे रक्तातच साचले, तर साखर कित्येक पटींनी वाढेल. म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि हे ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते. यकृतातील साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो. स्नायूंत त्याहून बराच जास्त असतो, पण तो स्नायूंच्या स्वतःच्याच कामी येतो. रक्तात परत देण्याची सोय त्यांच्याकडे नाही.

रात्री इन्सुलिन उतरते व स्वादुपिंडाचेच दुसरे संप्रेरक, ग्लुकागॉन, वाढते. त्याच्या आज्ञेने यकृत साठा फोडून थोडे थोडे ग्लुकोज रक्तात सोडू लागते. उपवासाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत, म्हणजे सुमारे २४ तासांनी, हा साठा बहुतांशी संपत आलेला असतो. परंतु त्याच्या कितीतरी आधीच यकृताने दुसरे काम हाती घेतलेले असते. चरबी वितळताना सुटणारे ग्लिसरॉल, स्नायूंकडून येणारे लॅक्टिक आम्ल व प्रथिनांचे घटक यांपासून ते नवे ग्लुकोज घडवते. दुसऱ्या रात्रीची भिस्त मुख्यतः यावरच असते. अठ्ठाईसारखी तपस्या लांबली, तर यकृत चरबीपासून कीटोन नावाचे इंधन बनवते. मेंदू ते स्वीकारू लागतो आणि त्याची ग्लुकोजची गरज कमी होते.

एवढा खटाटोप कशासाठी? मेंदूजवळ ग्लुकोजचा म्हणावा असा साठा नसतो. रक्त देईल त्यावर तो चालतो. साखर ७० च्या खाली गेली, की घाम, हातांचा कंप, धडधड व भूक या खुणा दिसू लागतात. ५४ च्या खाली बोलणे अडखळते, भान हरपू शकते. दुसऱ्या बाजूस, साखर दीर्घकाळ चढी राहिली, तर ती प्रथिनांना चिकटते आणि डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवते. सुमारे १८० च्या वर गेल्यास मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती लघवीतून पाणी ओढून नेते व तहान वाढते.

ही व्यवस्था औषधांमुळे कशी अडते, हे मधुमेही तपस्व्यांनी विशेष जाणावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामे असतानाही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. टोचून घेतलेले इन्सुलिनही जेवण झाले की नाही, हे पाहत नाही. जोवर इन्सुलिन चढे आहे, तोवर यकृताच्या वखारीचे दार बंद राहते. गल्ला रिकामा होत जातो आणि माल असूनही पोहोचत नाही. म्हणून अशा व्यक्तींनी उपवास करावा की नाही, केल्यास औषधाची मात्रा किती ठेवावी, हे पच्चक्खाणापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मनाने औषध बंद करणेही घातक, विशेषतः इन्सुलिन.

उपवासात घाम व कंप जाणवल्यास बोटावर थेंब घेऊन साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असल्यास, किंवा यंत्र जवळ नसल्यास तपासणीची वाट न पाहता, शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. पच्चक्खाणात समाधीसाठी औषध घेण्याचा आगार असतो. तो कसा लागू होतो, हे गुरुमहाराजांकडून आधीच समजून घेतलेले बरे. मग रात्री दोन वाजता घाम फुटला, तर घरच्यांचा वेळ व्रताची चर्चा करण्यात जाणार नाही.