पारख जुन्या वस्तूंची : किल्लीची संगीतपेटी

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा आणि सेंत-क्रॉ या गावांनी एकोणिसाव्या शतकात जगाला घड्याळांबरोबर संगीतपेट्याही पुरविल्या. जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने 1796 मध्ये घंट्यांऐवजी पोलादी पात्यांतून सूर काढण्याची युक्ती मांडली आणि तिच्यातून हा व्यवसाय उभा राहिला. अशी पेटी विकावयास येते तेव्हा विक्रेता प्रथम झाकणावरील नक्षी दाखवितो आणि मग किती गाणी वाजतात ते सांगतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांवरून पेटीचा कस ठरत नाही. तो ठरतो आतल्या पोलादी फणीवर व पितळी रुळावर.

रुळावर केसासारखे बारीक पोलादी काटे रोवलेले असतात. रूळ फिरला की काटा फणीचा दाता उचलतो आणि सोडतो. सुटलेला दाता कंप पावून सूर देतो. एक गाणे संपले की रूळ किंचित बाजूला सरकतो आणि दुसऱ्या गाण्याचे काटे दात्यांसमोर येतात. म्हणजे प्रत्येक दात्याच्या वाट्याला आलेल्या रुंदीत सगळ्या गाण्यांचे काटे बसवावे लागतात. गाणी वाढली की ही रुंदी वाढते आणि दाते कमी होतात.

एक हिशेब करून पाहू. दोन पेट्या आहेत, दोहोंचा रूळ 27 सेंटिमीटर लांब. पहिलीत सहा गाणी व 108 दाते, म्हणजे एका दात्यास अडीच मिलिमीटर जागा. दुसरीत बारा गाणी व 54 दाते, म्हणजे दात्यास पाच मिलिमीटर. दुसरीची जाहिरात ‘बारा गाण्यांची’ म्हणून होईल आणि किंमतही बहुधा अधिक सांगितली जाईल. परंतु पहिलीजवळ दुप्पट सूर आहेत. तिच्यात मूळ चालीभोवती साथीचे स्वर भरता येतात. दुसरीत चाल ओळखू येते, एवढेच. माझी पसंती नि:संशय पहिलीला.

आता वय. त्याच दुसऱ्या पेटीविषयी विक्रेता म्हणतो, ‘1830 सालची आहे.’ झाकण उघडल्यावर आत काचेचे दुसरे झाकण दिसते आणि डाव्या हाताला स्प्रिंग भरण्यासाठी पुढे-मागे ओढावयाचा दांडा दिसतो. एवढ्यावर दावा कोसळतो. मोठ्या पेट्यांना आरंभी सुट्या किल्लीने चावी द्यावी लागे; दांड्याची सोय आणि आतील काच सर्वसाधारणपणे 1860 च्या सुमारास रूढ झाली. फणीवर कागदाची गुंडाळी दाबून आवाज बदलणारी पट्टी किंवा लहान घंटाही असतील, तर शतकाच्या शेवटच्या दशकांकडेच पाहावे. याच्या उलट, फणी एकसंध नसून दाते सुटे किंवा चार-पाचांच्या गटांनी स्क्रूने बसविलेले असतील, तर पेटी खरोखर आरंभकाळातील. मात्र तपकिरीच्या डबीएवढ्या लहान पेट्यांत किल्ली पुढेही टिकली. त्यांचे वय केवळ किल्लीवरून सांगू नये.

शेवटी प्रकृती. विक्रेता लगेच चावी देऊ लागला तर त्यास नम्रपणे थांबवावे. रुळाचा वेग एका छोट्या पंख्याने आवरलेला असतो. स्प्रिंग भरलेली असताना तो पंखा किंवा त्याचे मळसूत्र निसटले, तर सारी शक्ती क्षणात सुटते, रूळ भरधाव फिरतो, काटे वाकतात व दाते तुटतात. असा अपघात पूर्वी झाला असेल तर खूण उरते. रूळ उजेडाकडे धरून तिरका पाहावा. सगळे काटे सारखेच किंचित झुकलेले असतील तर तो दोष नव्हे, बनविणाऱ्यानेच ते तसे केलेले असतात. पण एखाद्या पट्ट्यात ते वेडेवाकडे किंवा तुटके दिसले, तर पेटी एकदा सुटून गेलेली आहे.

फणी पाहताना भिंग हवेच. तुटलेला दाता कोणालाही दिसतो. बारीक सुरांच्या बाजूस केवळ टोक उडालेला दाता नजरेतून सुटतो, आणि तो मुकाच राहतो. जाड सुरांच्या दात्यांखाली शिशाची वजने चिकटविलेली असतात. त्यांवर पांढरी भुकटी धरली असेल तर शिसे कुजले आहे. ते फुगून शेजारच्या दात्याला अडते आणि सूरही बिघडतो. वाजताना किरकिर ऐकू आली, तर कंप पावणारा दाता पुन्हा उचलण्यापूर्वी शांत करणाऱ्या खालच्या नाजूक तारा झिजल्या किंवा गळाल्या आहेत. तारा नव्या बसविता येतात, दातेही. परंतु रुळावरचे हजारो काटे पुन्हा रोवणे हे मोजक्या कारागिरांचे, महिनोन्‌महिने चालणारे काम आहे. म्हणून भाव करताना काट्यांच्या दोषासाठी सर्वांत अधिक रक्कम वजा करावी.

सौदा ठरल्यावर पेटी गाणे संपू देऊनच थांबवावी. त्या जागी रुळावर काट्यांविना एक कोरी पट्टी असते आणि एकही दाता उचललेला राहत नाही. नंतर स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी, आणि मगच पेटी गाडीत ठेवावी.