बी.कॉम.नंतर आधी स्टोअर, मग बाकीचे

नगर जिल्ह्यात आपल्या अनेक घरांत ट्रक आहे, गॅरेज आहे, नाहीतर ट्रान्सपोर्टचे छोटे ऑफिस आहे. त्यामुळे बी.कॉम. झालेला मुलगा सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत सप्लाय चेनची नोकरी शोधू लागला, की घरचे त्याला डिस्पॅचकडे ढकलतात. मित्र सांगतात, प्लॅनिंग बघ, तिथे खुर्ची आणि कॉम्प्युटर आहे. कुणी म्हणते खरेदी विभाग बरा, तिथे मान आहे. गोदामाचे नाव कुणीच घेत नाही. माझे मत नेमके उलटे आहे. सुरुवात गोदामातच, म्हणजे कारखान्याच्या भाषेत स्टोअरमध्ये करावी. मात्र दोन वर्षांत तिथून बाहेर पडावे.

कारण एका उदाहरणाने सांगतो. समजा, सुप्यातल्या एका कारखान्यात जामनगरहून पितळी भाग येतो. रोज २०० नग लागतात. ऑर्डर दिल्यापासून माल यायला १२ दिवस, म्हणून २,४०० नग. वर अडचणीसाठी पाच दिवसांचे १,००० नग. साठा ३,४०० वर आला की प्लॅनर नवी ऑर्डर काढतो.

आता हा माल विकत घेतला जातो किलोवर आणि वापरला जातो नगावर. एक नग ५० ग्रॅमचा धरून स्टोअरने २०० किलोला ४,००० नग जमा केले. प्रत्यक्षात नग ५२ ग्रॅमचा भरला, म्हणजे आले ३,८४६. एका खेपेला १५४ नगांची तूट, चार खेपांत ६१६. कॉम्प्युटरवर ३,४०० दिसतात तेव्हा रॅकवर २,७८४ असतात. पाच दिवसांची सोय दोन दिवसांवरही उरलेली नसते. अशा वेळी ट्रक तीन दिवस उशिरा आला, की लाइन बंद पडते आणि शिव्या ड्रायव्हरला बसतात. चूक मात्र वजनकाट्यावर झालेली असते.

ही चूक पकडायला इंजिनिअर लागत नाही. दर खेपेला शंभर नग मोजून वजन करायचे, दर आठवड्याला थोडे भाग रॅकवर जाऊन मोजायचे आणि फरक कुठून आला ते पावत्यांवरून शोधायचे. हे हिशेबाचेच काम आहे. ज्याने ते केले, त्याला पुढे प्लॅनिंगमध्ये स्क्रीनवरचा आकडा कधी खोटा असतो ते कळते. प्लॅनिंगच्या जागांना कंपन्या बहुतेक वेळा इंजिनिअर मागतात. बी.कॉम.वाल्याला तिथे थेट शिरणे अवघड, पण स्टोअरमधून आणि चांगल्या एक्सेलच्या जोरावर वाट निघते.

खरेदी विभाग मात्र कॉमर्सवाल्याचे हक्काचे घर. एक पुरवठादार १०० रुपयांना पोचता माल देतो, पैसे माल आल्यावर ४५ दिवसांनी. दुसरा ९६ सांगतो, भाडे ३ वेगळे आणि पैसे महिनाभर आगाऊ. वरवर दुसरा एक रुपयाने स्वस्त. पण त्याचे पैसे ७५ दिवस आधी अडकतात. १२ टक्के व्याजाने ते सुमारे २ रुपये ४० पैसे होतात. म्हणजे तो १०१ च्या वर गेला. शिवाय नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर आयकरात तो खर्च पैसे देईपर्यंत धरता येत नाही. हे ज्याला सांगता येते, त्याची खरेदीत किंमत राहते.

ट्रान्सपोर्ट मी वाईट म्हणत नाही. पण गाडी लावणे, बिल्टी करणे आणि रात्री ड्रायव्हरला फोन लावणे एवढ्यावर माणूस अडकतो, कारण हे त्याला घरूनच येत असते. तिथे जायचेच असेल तर भाड्याचे हिशेब हातात घ्या: किलोमागे काय पडले, अर्धी गाडी रिकामी का गेली, सही-शिक्क्याची पोच न आल्याने किती बिले अडली. नुसता डिस्पॅच क्लार्क आणि लॉजिस्टिक्सचा माणूस यांत फरक पडतो तो इथेच.

स्टोअरचा धोकाही सांगायला हवा. बऱ्याच जागा कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असतात. रुजू होण्यापूर्वी विचारा: पत्र कोणाचे, पीएफ कोण भरणार, आणि ईआरपीवर नोंद करायला स्वतःचा लॉगिन मिळणार का. लॉगिन नसेल तर तुम्ही फक्त खोकी मोजणार. दोन वर्षांनंतरही साठ्याची तपासणी तुमच्या हाती आली नसेल, तर पुढची बढती तिथे नाही असे समजून खरेदीच्या जागांना अर्ज सुरू करा.