१८१६ मध्ये गेला, मग १८६० मध्ये का गेला नाही? तात्पुरत्या प्राप्तिकराची गोष्ट

१/ प्राप्तिकर युद्धासाठी म्हणून आला आणि सरकारने तो कधी सोडलाच नाही, असे सर्रास सांगितले जाते. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. ज्या ब्रिटनमध्ये आधुनिक प्राप्तिकर जन्मला तिथे तो दोनदा रद्द झाला होता. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. १८१६ मध्ये जो कर घालवता आला, तोच १८६० मध्ये घालवणे अशक्य का झाले? #थ्रेड

२/ सुरुवात १७९८ मध्ये. फ्रान्सविरुद्धचे युद्ध पाच वर्षे चालले होते आणि ते मुख्यतः कर्ज काढून लढले जात होते. पंतप्रधान विल्यम पिट याने आधी खिडक्या, नोकर, घोडागाड्या यांवरचे जुने कर श्रीमंतांसाठी कैकपट वाढवून पाहिले. ज्याच्या घराला खिडक्या अधिक त्याचे उत्पन्नही अधिक, असा तो ठोकताळा होता. पण लोकांनी खिडक्या बुजवल्या, गाड्या विकल्या, आणि अपेक्षेच्या निम्मीही रक्कम जमली नाही.

३/ तेव्हा पिटने खुणा सोडून थेट उत्पन्नालाच हात घातला. १७९९ पासून वार्षिक २०० पौंडांहून अधिक उत्पन्नावर दहा टक्के कर बसला. ६० पौंडांखालच्यांना पूर्ण सूट होती. पिटला वर्षाला एक कोटी पौंडांची आशा होती, हाती आले साधारण साठ लाख. कारण सोपे होते. प्रत्येकाने आपले एकूण उत्पन्न स्वतः लिहून द्यायचे होते, आणि ते ताडून पाहण्याचे साधन सरकारकडे नव्हते.

४/ १८०२ मध्ये आमियाँचा तह झाला आणि पिटच्या जागी आलेल्या हेन्री अ‍ॅडिंग्टनने कर रद्द केला. दिलेला शब्द पाळला गेला. पण वर्षभरातच युद्ध पुन्हा पेटले, आणि १८०३ मध्ये त्याच अ‍ॅडिंग्टनला कर परत आणावा लागला. या वेळी त्याने जी रचना केली, तिने या कराचे पुढचे आयुष्य घडवले.

५/ अ‍ॅडिंग्टनने उत्पन्नाचे पाच गट केले: जमीन व घरे, शेती, सरकारी रोख्यांवरील व्याज, व्यापार व व्यवसाय, आणि पगार. शिवाय शक्य तिथे कर पैसा देणाऱ्याकडूनच कापून घेण्याची पद्धत आणली. कूळ जमीनमालकाला खंड देताना कर कापून घेई. सरकारी रोख्यांचे व्याज कर वजा होऊनच हाती पडे. आज ज्याला आपण टीडीएस म्हणतो, त्याचाच हा पूर्वज.

६/ परिणाम बोलका होता. अ‍ॅडिंग्टनचा दर पाच टक्के, म्हणजे पिटच्या निम्मा होता. तरी जमा जवळपास तितकीच झाली. पुढे दर पुन्हा दहा टक्क्यांवर नेल्यावर युद्धाच्या अखेरीस हा कर वर्षाला दीड कोटी पौंडांच्या आसपास देऊ लागला. एकूण उत्पन्न कोणालाच उघड करावे न लागता ते वसूल होऊ शकते, हे यंत्रणेने सिद्ध केले होते.

७/ तरीही तो गेला. वॉटर्लूनंतर सरकारला निम्म्या दराने कर चालू ठेवायचा होता. व्यापारी आणि जमीनदार यांनी विनंतीअर्जांचा पाऊस पाडला. १८ मार्च १८१६ रोजी कनिष्ठ सभागृहाने २३८ विरुद्ध २०१ मतांनी सरकारचा प्रस्ताव फेटाळला. कराची कागदपत्रे नष्ट करण्याचाही ठराव झाला, इतका या कराचा तिटकारा होता. गंमत अशी की, त्यांच्या नकला सरकारच्याच दुसऱ्या कार्यालयात सुरक्षित राहिल्या.

८/ हा जनतेचा विजय म्हणून सांगितला जातो. पण मग राज्य कशावर चालले? युद्धाने मागे ठेवलेल्या कर्जाचे व्याजच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग खात होते. तो पैसा साखर, चहा, बिअर, साबण, मेणबत्त्या अशा वस्तूंवरील करांतून येत राहिला. १८१६ मध्ये प्राप्तिकर घालवता आला, कारण हे सारे कर जागेवरच होते. श्रीमंतांच्या खांद्यावरचे ओझे उतरले. मजुराच्या ताटावरचे तसेच राहिले.

९/ चक्र फिरले ते १८४२ मध्ये, आणि तेही शांततेच्या काळात. सलग काही वर्षे अंदाजपत्रकात तूट होती. पंतप्रधान रॉबर्ट पील याने १५० पौंडांवरील उत्पन्नावर दर पौंडामागे ७ पेन्स, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, असा कर तीन वर्षांसाठी मागितला. अ‍ॅडिंग्टनचा कायदा जवळपास जसाच्या तसा पुन्हा वापरात आला.

१०/ पीलची खरी खेळी दराच्या नव्हे, तर सुटीच्या बाजूला होती. तूट भरून काढण्याबरोबरच त्याने सुमारे ७५० जिन्नसांवरील आयातकर कमी केले. १८४५ मध्ये मुदत संपत आली तेव्हा त्याने तीन वर्षांची वाढ मागितली, आणि बदल्यात चारशेहून अधिक जिन्नस करमुक्त केले, काचेवरील करही काढला. प्रत्येक मुदतवाढीबरोबर परतीच्या वाटेवरचा एकेक पूल पाडला जात होता.

११/ या गोष्टीतले सर्वांत शिकवून जाणारे पात्र म्हणजे विल्यम ग्लॅडस्टन. प्राप्तिकर हे युद्धासाठी राखून ठेवायचे प्रचंड शस्त्र आहे, शांततेत ते वापरू नये, असे त्याचे प्रामाणिक मत होते. अर्थमंत्री म्हणून १८५३ मध्ये त्याने कर संपवण्याचे वेळापत्रकच मांडले: दोन वर्षे ७ पेन्स, दोन वर्षे ६, तीन वर्षे ५, आणि ५ एप्रिल १८६० रोजी शून्य. १८६० मध्येच काही जुन्या कर्जांचे हप्ते संपणार होते, त्यामुळे हिशेब पक्का वाटत होता.

१२/ पण त्याच अर्थसंकल्पात त्याने साबणावरील कर रद्द केला आणि इतर शेकडो कर उतरवले किंवा काढले. पुढच्याच वर्षी क्रिमियन युद्ध सुरू झाले. दर दुप्पट होऊन पुढे १६ पेन्सवर गेला. नेहमीची कथा इथे संपते: युद्ध आले आणि योजना बुडाली. परंतु युद्ध १८५६ मध्येच थांबले होते. १८६० उजाडले तेव्हा युद्धाचा खर्च हे एकमेव कारण उरले नव्हते.

१३/ १८६० मध्ये अर्थमंत्रिपदी पुन्हा ग्लॅडस्टनच होता. एकीकडे सैन्य आणि आरमार यांचा खर्च वाढला होता. दुसरीकडे फ्रान्सशी व्यापारी करार करून आयातकर काढण्याची संधी होती. त्याने संधी घेतली. आयातकर लागणारे जिन्नस १८४२ मध्ये हजाराहून अधिक होते; आता ते पन्नासच्या आत आले. आणि ज्या वर्षी प्राप्तिकर शून्यावर यायचा, त्याच वर्षी त्याने तो पौंडामागे १० पेन्स केला.

१४/ त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण त्याच्यासमोरचा पर्याय पाहावा. प्राप्तिकर काढायचा तर साबण, काच यांवर पुन्हा कर बसवायचा, म्हणजे गरिबाच्या खिशातून श्रीमंताची सुटका करायची. १८१६ च्या सभागृहाला हा निर्णय घ्यावाच लागला नव्हता, कारण ते कर आधीच चालू होते. १८६० मध्ये तो उघडपणे, नव्याने घ्यावा लागला असता. तिथे हा कर तात्पुरता उरला नाही.

१५/ १८७४ च्या निवडणुकीत ग्लॅडस्टनने पुन्हा एकदा प्राप्तिकर रद्द करण्याचे आश्वासन दिले. तेव्हा दर अवघा ३ पेन्स होता. तो हरला. विजयी डिझरेलीच्या सरकारने दर २ पेन्सवर आणला, पण कर ठेवला. त्यानंतर रद्द करण्याचे गंभीर आश्वासन घेऊन कोणताही मोठा पक्ष मतदारांपुढे गेला नाही.

१६/ हा कर भारतात आला तोही युद्धाच्या मागोमाग. १८५७ च्या उठावानंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सनने फेब्रुवारी १८६० मध्ये तो पाच वर्षांसाठी मांडला. त्याच ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात वारला, पण कर मात्र १८६५ मध्ये ठरल्याप्रमाणे संपला. पुढे तो काही वर्षे परत आला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. इथेही सरकारने तो सोडलाच नाही, असे म्हणता येत नाही.

१७/ भारतात तो कायमचा झाला १८८६ च्या कायद्याने. तात्कालिक कारणे होती ब्रह्मदेशाची मोहीम, रशियाची धास्ती आणि रुपयाची घसरण. पण त्याआधीचे पाऊल विसरता कामा नये. १८८२ मध्ये मीठ आणि मद्य यांसारखे मोजके अपवाद वगळता सर्वसाधारण आयातकर काढून टाकण्यात आले होते. म्हणजे लंडनमध्ये घडले तेच इथे घडले: आधी दुसरा आधार काढला, मग प्राप्तिकर कायम झाला.

१८/ फरक मात्र मोठा होता. ब्रिटनमध्ये आयातकर गेल्याने मजुराचा चहा-साखरेचा खर्च हलका झाला. भारतात कापडावरील आयातकर गेल्याचा मुख्य लाभ मँचेस्टरच्या गिरणीमालकांना झाला, आणि मुंबईच्या गिरण्यांना त्यांच्याशी विनासंरक्षण झुंजावे लागले. गरिबाच्या मिठावरचा कर तर राहिलाच. १८८८ मध्ये तो वाढवण्यात आला. यंत्रणा एकच, पण ती कोणासाठी वापरायची हे वेगळ्या हातांनी ठरवले.

१९/ म्हणून ‘युद्धाने प्राप्तिकर आणला’ हे विधान पुरेसे नाही. युद्धाने तो जन्माला घातला, अ‍ॅडिंग्टनच्या कपातीने तो वसूल होण्याजोगा केला, आणि शांततेतल्या सुधारणांनी तो अपरिहार्य केला. एखादा तात्पुरता कर जाईल की राहील हे ओळखायचे असेल, तर मंत्र्यांचे शब्द बाजूला ठेवून एवढेच पाहावे: तो चालू असताना दुसरा कोणता कर काढला गेला?

२०/ कायद्यात जुनी खूण अजून शिल्लक आहे. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर आजही वार्षिक कर आहे. तो ५ एप्रिलला संपतो आणि संसदेला दरवर्षी तो नव्याने बसवावा लागतो. ग्लॅडस्टनने १८६० साठी ठरवलेली तारीखही ५ एप्रिलच होती. ती तारीख दरवर्षी येते, आणि दरवर्षी कर पुढच्या वर्षात जातो. (समाप्त)