चहातला च आणि चाकातला च

स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करून ऐका, चुका आपोआप कळतील, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. नुसते ऐकून बहुतेक चुका कळत नाहीत. जो ध्वनी आपल्या मातृभाषेत नाही तो जिभेला जसा येत नाही तसाच कानालाही वेगळा वाटत नाही. मग मास्तर आणि विद्यार्थी दोघांचे रेकॉर्डिंग शंभरदा ऐकले तरी "सारखेच तर आहे" असेच वाटणार.

हे मी आमच्या सूनबाईच्या उदाहरणावरून सांगतो (तिला विचारूनच लिहीत आहे). ती कानपूरची. लग्नाला नऊ वर्षे झाली, मराठी अगदी सफाईदार बोलते. ळ आणि ण तिने पहिल्या वर्षातच पक्के केले, कारण अक्षर वेगळे दिसते म्हटल्यावर माणूस सावध होतो. अडचण च ची आहे. आपण मराठी माणसे दोन च बोलतो आणि एकच लिहितो. चहा, चंद्र, चिमणी यांतला च टाळूला लागतो. चाक, चोर, चूल, पाच यांतला च दातांमागे, त आणि स एकदम म्हटल्यासारखा. काही पुस्तकांत या दुसऱ्या च खाली टिंब देतात, पण पाटीवर, पेपरात, पाठ्यपुस्तकात कुठेही टिंब नसते. हिंदीत हा दुसरा च नाहीच. गंमत म्हणजे आमच्या हिंगोलीकडे पाण्याला 'पानी' म्हणणारी माणसेसुद्धा चाकातला च कधी चुकत नाहीत.

नऊ वर्षांत तिला कोणी हे सांगितले नाही. "किती छान बोलतेस" एवढेच सगळे म्हणत. मग पुण्यात त्यांच्या सोसायटीच्या कार्यक्रमात कोणीतरी तिची नक्कल केली, लोक हसले, आणि तेव्हापासून ती आमच्याशीही हिंदीत बोलू लागली. पाठोपाठ नातूही. दिवाळीत मी तिला म्हटले, चूक कुठे होते ते शोधू तरी. ती म्हणाली, "बाबा, मला फरकच ऐकू येत नाही, तर शोधू काय?" प्रश्न बिनतोड होता.

नमुना म्हणून माझा आवाज घेतला नाही. कवळी बसवल्यापासून माझा च शिट्टी मारतो. शिवाय म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजाशी तरुण बाईचा आवाज ताडायचा म्हणजे लक्ष जाडपणा-बारीकपणातच अडकते. म्हणून तिची नणंद, म्हणजे माझी मुलगी, नमुन्याला बसली.

रेकॉर्डिंगे तीन केली, आणि क्रम महत्त्वाचा होता. आधी तीन मिनिटे मोकळे बोलणे: माहेरच्या घराविषयी काहीही सांग. मग वीस शब्दांची यादी, नमुना न ऐकता. शेवटी तीच यादी नणंदेच्या मागोमाग, शब्दाला शब्द. आधीच नमुना ऐकवला असता तर तिने पोपटासारखा बरोबर म्हटला असता आणि मुरलेली चूक लपून गेली असती. मोबाइल वीतभर अंतरावर, पंखा बंद. आणि ही तपासणी फोनवर बोलता बोलता करू नये. जुन्या पद्धतीच्या फोनवाहिनीतून साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि दोन च मधला फरक बराचसा त्या वरच्या सळसळीतच असतो.

मोकळ्या बोलण्यात दातांमागचा च यायला हवा होता अशा ३४ जागा मी आणि मुलीने वेगवेगळ्या ऐकून मोजल्या. २८ चुकल्या होत्या. बरोबर आलेल्या सहांपैकी चार वेळा शब्द एकच होता, 'चांगला'. उलट चहाला मात्र तिने दोनदा चाकातला च लावला! कोणीतरी तिला सांगितले होते म्हणे, की अ, आ, उ, ओ च्या आधी मराठीत तसा च येतो. अर्धेच खरे आहे. इ, ए, य च्या आधी टाळूचा च येतो हे जवळजवळ पक्के. पण अ, आ च्या आधी दोन्ही येतात. चंद्र, चक्र यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचा च राखतात, घरगुती मराठी शब्द बहुधा दातांचा. हे शब्दागणिक ऐकूनच लक्षात ठेवावे लागते.

खरी किल्ली मात्र चुकांची यादी समोर मांडल्यावर सापडली. त्या २८ पैकी २१ चुका एखाद्या शब्दात नव्हत्याच, त्या प्रत्ययात होत्या. घराचा, आईचं, तिथलाच, मीच. घराची आणि घराचे यांत टाळूचा च असतो, तो तिचा आपसूक बरोबर. घराचा आणि घराचं म्हणताना जीभ पुढे यायला हवी, ती येत नव्हती. म्हणजे चाक, चोर, चूल घोकून फारसे काही साधले नसते. कारण दिवसभरात चाक आपण किती वेळा म्हणतो, आणि 'चा' किती वेळा!

ज चे तिला जड गेले नाही. हिंदीत ज़रा, ज़ोर म्हणायची सवय असल्याने 'जुना', 'जोर' यांत ती मराठीच्या पुष्कळ जवळ येते. फक्त 'जात' चुकायचे. "गावाला जात आहे" यातला ज टाळूला लावला की कानाला माणसाची जात ऐकू येते. नक्कल नेमकी याच शब्दाची झाली होती.

आता कानाचे. मुलीने पाच, काच असे शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून वीस तुकडे रेकॉर्ड केले, क्रम उलटसुलट केला, आणि सूनबाईने फक्त पहिला की दुसरा एवढे लिहायचे. पहिल्या दिवशी ११ बरोबर. नाणेफेक करूनही तेवढे येतात! तेव्हा ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये Spectrogram हे दृश्य लावून दाखवले. दातांच्या च ची सळसळ चित्रात वर उभी दिसते, टाळूच्या च ची खालपर्यंत पसरते. डोळ्यांना दिसल्यावर कान वळला. बाराव्या दिवशी वीसपैकी १८. मगच तिला तोंडाने म्हणायला लावले. कान तयार होण्याआधी घोकंपट्टी केली असती तर चुकीचाच च अधिक पक्का झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रालाही मर्यादा आहे. प्रत्येकाच्या तोंडाची ठेवण वेगळी, म्हणून दोघींच्या पट्ट्या तंतोतंत जुळवत बसू नये. तिच्याच दोन च मध्ये अंतर पडते का, एवढेच पाहावे.

कानपुरी हेल मी मुद्दाम सोडून दिला. तो तिच्या माहेरचा आहे, आणि त्याने अर्थ बदलत नाही.

संक्रांतीला पुन्हा तीन मिनिटे रेकॉर्ड केली. या वेळी ३१ जागा होत्या, चुकल्या नऊ, आणि चहा सुधारला होता. नऊतल्या सात चुका शेवटच्या मिनिटातल्या, भावाच्या लग्नाची गोष्ट रंगात आल्यावरच्या. म्हणजे सावधपणी येते, भरात अजून सुटते. पुढचे रेकॉर्डिंग पाडव्याला. त्या वेळी नातवालाही बसवणार आहे, कारण तो 'माझा' टाळूने म्हणतो की दाताने, यावर घरात दोन तट पडले आहेत.