‘हप्ता किती बसेल?’ या प्रश्नाला उत्तर न देणारी शीर्षकं

टू-व्हीलरच्या शोरूममध्ये बसलेल्या एका मुलाची कल्पना करा. गाडीसाठी त्याला एक लाख रुपये कर्ज हवंय, मुदत तीन वर्षं. टेबलापलीकडचा फायनान्सवाला म्हणतो, “दहा टक्के व्याज, महिन्याला 3,611 बसतील.” मुलगा टेबलाखाली फोन धरून टाइप करतो: `1 lakh gadi loan 3 varsh hapta kiti`.

समोर येतं काय? ‘EMI Calculator – Calculate Your Loan EMI Online’. त्याखाली तसंच आणखी एक, फक्त कंपनीचं नाव वेगळं. कुणी मराठीचा मान राखलाच, तर ‘समान मासिक हप्ता गणनयंत्र’. गणनयंत्र! हा शब्द आजवर कुणी शोरूममध्ये बसून टाइप केला असेल, तर मी माझा हा धंदा सोडतो. धंदा म्हणजे अशाच पानांची शीर्षकं आणि त्याखालच्या दोन ओळींची वर्णनं लिहिणं. त्यामुळे पुढची तक्रार माझ्या स्वतःच्या जातभाईंबद्दल आहे.

मुलगा पहिल्या लिंकवर जातो, एक लाख, दहा टक्के, 36 महिने भरतो. उत्तर येतं 3,227. फायनान्सवाला तर 3,611 म्हणाला होता. महिन्याला 384 रुपयांचा फरक. खोटं कोण बोलतंय?

गंमत अशी, की दोन्ही आकडे बरोबर आहेत. फायनान्सवाल्याचे दहा टक्के ‘फ्लॅट’ आहेत. एक लाखावर वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार, एकूण 1,30,000 भागिले 36. म्हणजे तुम्ही निम्मं मुद्दल फेडलंत तरी व्याज पूर्ण लाखावरच चालू. कॅल्क्युलेटरचे दहा टक्के मात्र उरलेल्या मुद्दलावरचे आहेत. दर महिन्याला बाकी घटते, तसं व्याजही घटतं. म्हणून तिथे तीन वर्षांत व्याज साधारण 16,160 रुपयेच होतं. फ्लॅटचा 3,611 चा हप्ता जर घटत्या बाकीच्या भाषेत सांगायचा, तर तो दर सुमारे 17.9 टक्के होतो. कानावर पडलेला शब्द ‘दहा’, आणि खिशातून जाणारा दर जवळपास अठरा.

आता शीर्षकाकडे या. आमच्या क्षेत्रात ‘लोक शोधतात तसे शब्द वापरा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याचा अर्थ मात्र एवढाच घेतला जातो, की ‘ईएमआय’, ‘लोन’, ‘कॅल्क्युलेटर’ हे तीन शब्द पुढेमागे करून तीनदा लिहायचे. माझं म्हणणं असं, की त्या मुलाच्या शोधातले शब्द उचलले आणि त्याच्या ‘दहा टक्क्यां’चा अर्थ सोडून दिला, तर आपण त्याची भाषा बोललोच नाही. त्याला गणित करायचं यंत्र नको आहे, ते त्याच्या फोनमध्ये आहेच. समोरच्याने सांगितलेला आकडा ताडून बघायचा आहे.

हे शब्द ऑफिसात बसून सुचत नाहीत. ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसतात. ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडा, फक्त कॅल्क्युलेटरचं पान निवडा आणि क्वेरीच्या फिल्टरमध्ये रेजेक्स निवडून हे टाका:

```
hapta|hafta|kiti|vyaj|हप्ता|किती|व्याज
```

मग इम्प्रेशन भरपूर पण क्लिक कमी असलेल्या ओळी वाचा. तिथे माणूस आला, त्याने तुमचं शीर्षक बघितलं आणि पुढे गेला. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी या यादीत दाखवत नाही. म्हणून यादीबरोबर शाखेच्या काउंटरवर एक दिवस बसून ऐकणंही हवं.

त्या मुलासाठी मी असं लिहीन:

```html
<title>हप्ता किती बसेल? फ्लॅट आणि घटत्या व्याजाने मोजा | EMI कॅल्क्युलेटर</title>
<meta name="description" content="1 लाख, 3 वर्षे, 10%: फ्लॅटने हप्ता ₹3,611, घटत्या व्याजाने ₹3,227. तुम्हाला सांगितलेला दर कोणता, ते तपासा. मोबाईल नंबर लागत नाही.">
```

प्रश्न आधी ठेवला आहे, कारण फोनच्या अरुंद पडद्यावर शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. कापलं गेलंच तर ‘कॅल्क्युलेटर’ जाऊ दे, ‘हप्ता किती’ राहू दे. वर्णनात खरा आकडा आहे, म्हणजे शोरूमच्या खुर्चीतल्या माणसाला लिंक न उघडताही अर्धं उत्तर मिळतं. ‘असं केलं तर पानावर कोण येईल?’ असं मला विचारतात. ज्याला आपला 3,611 चा आकडा तिथे छापलेला दिसला, तो येईल.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, वर्णनामुळे क्रमांक वर जात नाही. खरं आहे, गूगलने 2009 मध्येच तसं सांगितलंय. पण वर्णन वाचून माणूस ठरवतो, आणि मी माणसासाठीच लिहितो. दुसरा आक्षेप, गूगल शीर्षक आणि वर्णन दोन्ही बदलून दाखवू शकतं, मग कष्ट कशाला? तेही खरं. पण बदल बहुधा पानावरच्याच मजकुरातून येतो. पान इंग्रजी, मोठा मथळा इंग्रजी आणि फक्त शीर्षक मराठी असेल, तर ते बदललं जाण्याची शक्यता जास्त. म्हणून पानावरचा मथळाही ‘हप्ता किती बसेल?’ असाच हवा आणि फ्लॅटचा हिशोब करणारं बटण खरोखर हवं.

खरी लबाडी इथेच असते. वर्णनात लिहायचं ‘हप्ता लगेच कळेल’, आणि पानावर आकडा दाखवण्याआधी मोबाईल नंबर मागायचा. मग आठवडाभर फोन. किंवा ‘सर्वात कमी हप्ता’ असं शीर्षक द्यायचं आणि मुदतीचा सरकपट्टा आधीच पाच वर्षांवर नेऊन ठेवायचा. हप्ता कमी दिसतो, एकूण व्याज वाढतं. एक लाखाचं वेगळं पान, दोन लाखांचं वेगळं, अशी आकडा बदलून छापलेली पन्नास पानं हा तिसरा प्रकार. अशा पानांना गूगलही स्पॅम समजतं, आणि वाचणाऱ्याला तर ते आधीच कळलेलं असतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्ज देताना बँका आणि वित्त कंपन्यांना कर्जाची मुख्य माहिती सांगणारा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात शुल्कांसकट वार्षिक खर्चाचा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. त्या मुलाने टेबलापलीकडे तो तक्ता मागितला, तर ‘दहा टक्के’ तिथे दहा राहणार नाहीत. पण हे मागायचं असतं हे त्याला कळणार कुठून? ज्या पानावर तो हप्ता किती म्हणून विचारायला आला, तिथूनच. नाहीतर 3,227 बघून तो म्हणेल, ‘या कॅल्क्युलेटरला काही कळत नाही,’ फोन खिशात टाकेल आणि सही करेल.